एजन्सीचा परवाना, रक्षकाचे कागद : कलम १० वर ओळवार भाष्य

खडकवासल्यात, किरकटवाडीत किंवा नांदेड गावात नवी सोसायटी उभी राहिली की समितीच्या पहिल्याच बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो: ‘वॉचमनकडे लायसन्स आहे ना?’ तिकडे गावाहून आलेला तरुणही नोकरी शोधताना हेच विचारतो, की सिक्युरिटी गार्डचं लायसन्स कुठे काढायचं. दोघांनाही उत्तर एकच आहे. असं लायसन्स नसतं. खासगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) अधिनियम, २००५ या केंद्रीय कायद्याखाली परवाना मिळतो तो एजन्सीला. रक्षकाच्या हाती येतात ते तीन वेगळे कागद: प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, चारित्र्य प्रमाणपत्र आणि फोटो असलेलं ओळखपत्र. यातले पहिले दोन कागद कशासाठी, ते कोण देतं आणि ते खरे आहेत हे कसं ओळखायचं, याचं मूळ या कायद्याच्या कलम १० मध्ये आहे. कलम छोटं आहे, म्हणून ते ओळीओळीने वाचू. ओळींचा आशय मी माझ्या मराठीत देत आहे, अधिकृत भाषांतर म्हणून तो वाचू नये.

आधी नियमांबद्दल एक खुलासा. कलमात जागोजागी ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ असं येतं. विहित करण्याचं काम राज्याच्या नियमांचं. केंद्राने नमुना म्हणून २००६ मध्ये आदर्श नियम काढले, महाराष्ट्राने २००७ मध्ये स्वतःचे नियम केले आणि २०२० मध्ये केंद्राने नवे आदर्श नियम आणले. खाली तास, सेंटिमीटर, दिवस यांचे जे आकडे येतात ते २००६ च्या नमुन्यातले आहेत, कारण या क्षेत्रातली कागदपत्रं त्याच साच्यावर बेतली गेली.

“कोणतीही खासगी सुरक्षा एजन्सी पुढील अटी पूर्ण न करणाऱ्या व्यक्तीला खासगी सुरक्षा रक्षक म्हणून नोकरीत ठेवणार नाही किंवा कामावर घेणार नाही…”

या वाक्याचा कर्ता एजन्सी आहे. रक्षकाने काय करावं हे कलम सांगत नाही, एजन्सीने कोणाला घेऊ नये हे सांगतं. पुढच्या सगळ्या अटी या एका क्रियापदाला टांगलेल्या आहेत. अट मोडली तर दोष रक्षकाचा धरला जात नाही, एजन्सीचा धरला जातो. कलम २० ही जबाबदारी पैशांत मोजतं: कलम १० मोडल्यास पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड आणि शिवाय परवाना निलंबित किंवा रद्द. परवान्याविना धंदा केल्यास मात्र एक वर्षापर्यंत कैद, पंचवीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे अप्रशिक्षित माणूस फाटकावर उभा करणं हा दंडाचा मामला, परवान्याविना एजन्सी चालवणं हा तुरुंगाचा. माझ्या मते हे प्रमाण उलटं नसलं तरी लंगडं आहे. पंचवीस हजार ही रक्कम २००५ साली जेवढी बोचली असती तेवढी आज बोचत नाही. परवाना रद्द होण्याची भीती मात्र खरी आहे.

‘नोकरीत ठेवणार नाही किंवा कामावर घेणार नाही’ अशी दुहेरी शब्दयोजना हौसेची नाही. रोजंदारीवर घेतलेला, बदली म्हणून एका रात्रीसाठी पाठवलेला, ‘आमच्या पगारपत्रकावर नाही’ असं सांगितला जाणारा, असे सगळे ‘कामावर घेणं’ या शब्दांत येतात. ‘रक्षक’ या शब्दात पर्यवेक्षकही येतो, कारण व्याख्येच्या कलमात तसं म्हटलं आहे.

आता या कर्त्यातून सुटतं कोण, तेही पाहावं लागतं. पानशेत रस्त्याला, गोऱ्हे-डोणज्याच्या बाजूला, धरणाच्या पाण्याकाठी फार्महाऊस आहेत. तिथे बंगल्याच्या मालकाने थेट ठेवलेलं राखणदाराचं कुटुंब एका खोलीत राहतं. मधे एजन्सी नाही, म्हणून कलम १० त्यांना लागू होत नाही. सोसायटीने परस्पर ठेवलेल्या वॉचमनचंही तेच. महाराष्ट्रात याच्याही आधीचा एक कायदा आहे: खासगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९८१. त्याखालची सुरक्षा रक्षक मंडळं रक्षकांची नोंदणी करतात, त्यांना मालकांकडे पाठवतात, वेतन आणि भविष्य निर्वाह निधी सांभाळतात. पुणे जिल्ह्यासाठीही असं मंडळ आहे. पण त्या कायद्याच्या व्याख्येतही मालकाचा थेट, नियमित नोकर रक्षक धरलेला नाही. दोन कायद्यांच्या मधल्या फटीत हा राखणदार उभा आहे. त्याची पोलीस पडताळणी मालकाने स्वतःहून करून घेतली तरच होते आणि प्रशिक्षणाचा तर प्रश्नच येत नाही.

जाता जाता: एजन्सी या दोन्ही कायद्यांच्या कचाट्यात येते. २००५ च्या कायद्याचा परवाना असला म्हणून १९८१ चा कायदा संपत नाही. आपल्या रक्षकांना मंडळाच्या योजनेपेक्षा कमी लाभ मिळत नाहीत असं दाखवून त्याच्या कलम २३ खाली सूट घ्यावी लागते. सोसायटीने परवान्याची प्रत मागितली आणि सूट विचारलीच नाही, तर अर्धीच चौकशी झाली. परवान्याच्या प्रतीवरही दोन गोष्टी पाहाव्यात. परवाना पाच वर्षांचा असतो, तेव्हा मुदत. आणि क्षेत्र. शुल्कच क्षेत्राप्रमाणे आहे: एका जिल्ह्याला पाच हजार, पाच जिल्ह्यांपर्यंत दहा हजार, सगळ्या राज्याला पंचवीस हजार. फक्त साताऱ्याचा परवाना घेऊन खडकवासल्यात माणसं लावता येत नाहीत.

“(क) ती भारताची किंवा केंद्र सरकारने अधिसूचनेद्वारे निर्दिष्ट केलेल्या अन्य देशाची नागरिक असेल;”

पुण्यात रात्रीच्या राखणदाराला सरसकट ‘गुरखा’ म्हणण्याची सवय अजून गेलेली नाही. दार्जिलिंगचा किंवा डेहराडूनचा गोरखा भारतीय नागरिक असतो, नेपाळचा नसतो. चेहरा पाहून यातलं काही ठरत नाही. एजन्सीने नागरिकत्वाचा कागद पाहायचा आणि परदेशी असेल तर अधिसूचना. बस.

“(ख) तिने अठरा वर्षे पूर्ण केली असतील, परंतु पासष्ट वर्षे पूर्ण केली नसतील;”

पुण्याच्या सोसायट्यांत दिवसा बसणारे बरेच ‘काका’ याच ओळीला अडतात. पासष्टाव्या वाढदिवशी माणूस अपात्र ठरतो, मग तो कितीही चपळ असो.

“(ग) तिने आपल्या चारित्र्याविषयी व पूर्ववृत्ताविषयी एजन्सीची विहित रीतीने खात्री पटवली असेल;”

लोक ज्याला ‘पोलीस व्हेरिफिकेशन’ म्हणतात ते या ओळीत आहे, पण पोलीस हा शब्द ओळीत नाही. खात्री पटायची ती एजन्सीची. पोलिसांचा अहवाल हे ती पटवण्याचं साधन. नियमांनी तीन वाटा दिल्या: एजन्सीने स्वतः पडताळणी करणं, उमेदवाराने आणलेल्या आणि अजून वैध असलेल्या पडताळणी प्रमाणपत्रावर विसंबणं (त्याच्याविरुद्ध दुसरीकडून काही कळलेलं नसेल तर), किंवा पोलिसांकडून आलेला अहवाल. जबाबदारी कोणाची, हा प्रश्न निघतो तेव्हा ‘पोलिसांनी क्लिअर केलं होतं’ हे वाक्य एजन्सीला पूर्ण वाचवत नाही, ते यामुळे.

नियमांचा खरा कस लागतो तो पत्त्यांत. उमेदवार ठरलेला नमुना भरून एजन्सीला देतो. गेल्या पाच वर्षांत तो एकाहून जास्त जिल्ह्यांत राहिला असेल तर जितके जिल्हे तितके नमुने. एजन्सी ते त्या त्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवते. पोलीस त्या वस्तीत जाऊन माणूस तिथे खरंच राहत होता का ते पाहतात, ठाण्यातलं रेकॉर्ड तपासतात आणि नमुना मिळाल्यापासून नव्वद दिवसांत अहवाल देतात. अहवाल तीन वर्षं चालतो.

एक उदाहरण घेऊ, कल्पित पण रोजच्यातलं. सत्तावीस वर्षांचा तरुण, मूळ नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यातला. दोन वर्षं गावी शेतीवर, मग एक वर्ष चाकणला एका कारखान्यात, आणि गेली दोन वर्षं सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड गावात भाड्याने. पाच वर्षं भरली. कागदावर जिल्हे दोनच, नांदेड आणि पुणे, म्हणून नमुने दोन. पण पुणे जिल्ह्यात पोलिसांचे घटक तीन आहेत: पुणे शहर, २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण. चाकणचं वर्ष पिंपरी-चिंचवडच्या आयुक्तालयात जातं, आताचा पत्ता शहराकडे. एकच नमुना शहराच्या आयुक्तालयात दिला तर चाकणच्या ठाण्याचं रेकॉर्ड कोणी उघडून पाहीलच असं नाही. म्हणून जाणता एजन्सीवाला इथे तीन नमुने भरतो. त्यात आणखी एक विनोदी अडचण: अर्जात नुसतं ‘नांदेड’ लिहिलं की कुठलं नांदेड? जिल्ह्याचं की खडकवासल्याशेजारचं? तालुका, पोस्ट आणि पोलीस ठाणं लिहिल्याशिवाय हा कागद चुकीच्या टेबलावर जाऊन पडू शकतो.

हद्दीचं प्रकरण या भागात खास किचकट आहे. खडकवासला, नांदेड, किरकटवाडी, नांदोशी ही गावं ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत आली. पण महापालिकेची हद्द आणि पोलिसांची हद्द एकाच दिवशी हलत नाहीत. हवेली पोलीस ठाणं ग्रामीण पोलिसांचं. शहर पोलिसांनी २०२४ मध्ये नवी सात ठाणी सुरू केली, त्यात नांदेड सिटी हे एक. त्यामुळे रक्षक कोणत्या वर्षी कुठे राहत होता यावर रेकॉर्ड कोणत्या दप्तरात सापडेल हे अवलंबून असतं. मालमत्ता कराची पावती महापालिकेची आहे म्हणून अर्ज शहराकडे द्यायचा, असा हिशोब करून चालत नाही. आधी ठाणं विचारून घ्यावं.

आता बिघाड कुठे होतो ते. अहवालाला नव्वद दिवस, सोसायटीचं कंत्राट एक तारखेपासून. मग माणूस आधी उभा राहतो, नमुना मागून जातो. नियम म्हणतो ‘घेण्यापूर्वी’. हे पकडायला फार हुशारी लागत नाही. कलम १५ प्रमाणे एजन्सीला नोंदवही ठेवावीच लागते. तिच्यातली रुजू होण्याची तारीख आणि अहवालावरची तारीख शेजारी ठेवा. दुसरा बिघाड पोचपावतीचा. अर्ज दाखल झाल्याची पावती, तिच्यावर मोठा क्रमांक आणि शिक्का, ‘व्हेरिफिकेशन’ म्हणून फाईलला लावली जाते. पावती अर्ज मिळाल्याचं सांगते, चारित्र्याचं काही सांगत नाही. तिसरा बिघाड भाडेकरू नोंदणीचा. रक्षकाच्या घरमालकाने पोलिसांकडे भाडेकरूची माहिती भरलेली असते, त्या कागदाची प्रत दाखवली जाते. तो घरमालकाने दिलेला कागद आहे. त्यात पूर्ववृत्ताची तपासणी झाल्याचं कुठेच लिहिलेलं नसतं.

रक्षकाच्या बाजूची एक तरतूद मात्र फारशी कोणाला माहीत नसते. पोलिसांच्या अहवालावरून एजन्सी रक्षकाला ठरलेल्या नमुन्यात चारित्र्य प्रमाणपत्र देते आणि नोकरी सुटली तरी ते परत घ्यायचं नाही, असं नियम म्हणतो. प्रत्यक्षात काही एजन्स्या सगळी मूळ कागदपत्रं कपाटात ठेवतात, म्हणजे माणूस दुसरीकडे जाऊ नये. शिक्षणाचे दाखले आणि हे प्रमाणपत्र अडवून ठेवण्याचा अधिकार त्यांना या कायद्याने दिलेला नाही. तीन वर्षांच्या आत दुसऱ्या एजन्सीत गेला तर हाच कागद त्याचे तीन महिने वाचवतो.

“(घ) तिने विहित सुरक्षा प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केले असेल;”

‘यशस्वीपणे’ म्हणजे नुसती हजेरी पुरत नाही. आकडे असे: वर्गात शंभर तास, मैदानावर साठ तास, किमान वीस कामाच्या दिवसांत. एकशे साठ भागिले वीस, दिवसाला आठ तास. हा भागाकार लक्षात ठेवला तर खोटं प्रमाणपत्र घरबसल्या ओळखता येतं. ज्या वीस दिवसांत प्रशिक्षण झालं असं प्रमाणपत्र म्हणतं, त्याच दिवसांत हा माणूस दुसऱ्या कुठल्या साइटवर बारा तासांची ड्यूटी करत होता का, ते मस्टरवर पाहावं. आठ आणि बारा मिळून वीस होतात. उरलेल्या चार तासांत जेवण, झोप आणि खडकवासला ते चाकण प्रवास बसत नाही. एखाद्या महिन्यात एका बॅचचे सगळे प्रशिक्षणार्थी मस्टरवरही पूर्ण हजर असतील, तर प्रशिक्षण कागदावरच झालं.

आणखी एक खूण प्रमाणपत्राच्या माथ्यावर असते. कायद्याने ‘खासगी सुरक्षा एजन्सी’ची व्याख्या करताना रक्षकांना प्रशिक्षण देणं हेही तिच्या धंद्यात धरलं आहे. म्हणजे ‘अकॅडमी’ अशी पाटी लावून रक्षक तयार करणाऱ्यालाही परवाना लागतो. प्रमाणपत्रावर परवाना क्रमांक नसेल तर नोकरीच्या आमिषाने फी घेणारी ती संस्था कायद्याच्या नजरेत काय आहे, हे उमेदवाराने फी भरण्याआधी विचारावं.

अभ्यासक्रमात गणवेश आणि लोकांशी वागणूक, शारीरिक कसरत, इमारत व घरगुती सुरक्षा, आग विझवणं, गर्दी सांभाळणं, ओळखपत्रं तपासणं, प्रथमोपचार, आपत्ती व्यवस्थापन, घातपाती स्फोटकं ओळखणं, धोक्याची घंटा आणि तपासणीची यंत्रं वापरणं इतकं सगळं आहे. शस्त्र चालवणं सगळ्यांना सक्तीचं नाही. या यादीत पाणी नाही. रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर आणि पाण्याकाठच्या रिसॉर्टांवर जी गर्दी होते, तिथे रक्षकापुढचा सर्वांत खरा धोका बुडण्याचा असतो. पण पोहणं किंवा बुडणाऱ्याला दोर टाकणं नियमाने कोणी त्याला शिकवलेलं नसतं. ‘प्रथमोपचार’ या एका शब्दात ते बसवायचं की नाही हे प्रशिक्षकावर सोडलेलं आहे. पाण्याजवळची साइट असलेल्या मालकाने कंत्राटातच हे वेगळं लिहून घ्यावं, असं मला वाटतं.

यादीतला सर्वांत कमी शिकवला जाणारा भाग कायद्याचा. दंडसंहितेची ओळख, खासगी संरक्षणाचा हक्क, ठाण्यात प्रथम खबर कशी द्यायची. नियम लिहिले तेव्हा भारतीय दंडसंहिता होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे आणि खासगी संरक्षणाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये गेला. जुन्या वहीवरून ९६ ते १०६ हे आकडे पाठ करवून घेणारा प्रशिक्षक अजून भेटला तर वही किती जुनी आहे ते कळतं.

या भागातलं रक्षकाला सर्वांत उपयोगी ज्ञान असं की त्याला पोलिसाचा एकही अधिकार नाही. सोसायटीत चोर पकडला तर? कोणाही नागरिकाला जेवढा आहे तेवढाच अधिकार: आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला धरता येतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० ने आता त्याला घड्याळही लावलं आहे. विनाविलंब, फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांच्या हवाली करायचं. रात्री बारा वाजता धरलेल्या माणसाला ‘सकाळी चेअरमन उठले की बघू’ म्हणून केबिनमध्ये बसवून ठेवलं आणि सात वाजले, की रक्षक स्वतःच आरोपी होण्याच्या वाटेवर असतो. शंकेवरून कोंडणं, थोबाडीत मारणं, मोबाइल हिसकावून घेणं याला तर मुळातच आधार नाही. घरकामाच्या बायकांच्या पिशव्या फाटकावर उघडायला लावण्याची पद्धतही याच प्रश्नाशी येऊन थांबते: संमती नसेल तर रक्षकाकडे झडतीचा कोणता अधिकार आहे?

“(ङ) ती विहित शारीरिक मानके पूर्ण करीत असेल;”

पुरुषाला उंची १६० सेंटिमीटर, स्त्रीला १५०. पुरुषाची छाती ८० सेंटिमीटर आणि फुगवून चार जास्त. दृष्टी चष्म्यासह चालते, रंगांधळेपणा चालत नाही, कारण यंत्रावरचा लाल-हिरवा दिवा ओळखता आला पाहिजे. एक किलोमीटर सहा मिनिटांत धावता आलं पाहिजे. ऐकू नीट आलं पाहिजे. इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाचता आले पाहिजेत. ही शेवटची अट पुस्तकी वाटते, पण गाड्यांच्या नंबरपाट्या याच लिपीत असतात. ‘एमएच १२’ आणि ‘एमएच १४’ यांतला फरक वहीत चुकला की नंतर कोणताही तपास लंगडतो.

मानकं एकदाच मोजायची नाहीत. दर बारा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी करण्याची जबाबदारी एजन्सीची. ही तपासणी झाल्याचा कागद मागणारी सोसायटी विरळाच. बारा तास खुर्चीत बसून, रात्र जागून, पायाला सूज आलेल्या माणसाला एक किलोमीटर सहा मिनिटांत कोणी धावायला सांगत नाही, आणि सांगितलं तर तो धावू शकणार नाही. दोष त्याचा की ड्यूटीच्या तासांचा, हे ही ओळ विचारत नाही.

“(च) ती विहित केलेल्या इतर अटी पूर्ण करीत असेल.”

नियमकर्त्याला मोकळीक देणारी ओळ, पुढे जाऊ.

“(२) ज्या व्यक्तीस सक्षम न्यायालयाने दोषी ठरवले आहे, किंवा जिला सशस्त्र दले, राज्य पोलीस, केंद्र वा राज्य सरकार यांच्या अथवा कोणत्याही खासगी सुरक्षा एजन्सीच्या सेवेत असताना गैरवर्तणूक किंवा नैतिक अधःपतन या कारणावरून बडतर्फ केले वा काढून टाकले आहे, तिला रक्षक किंवा पर्यवेक्षक म्हणून घेता येणार नाही.”

कलमातली सर्वांत कठोर ओळ हीच आणि सर्वांत ढिली लिहिलेलीही हीच. ‘दोषी ठरवले आहे’, पण कोणत्या गुन्ह्यासाठी? मजकूर गप्प आहे. आता कलम ६ काढून पाहा. ते एजन्सीच्या मालकाची अपात्रता सांगतं. तिथे मालक अपात्र ठरायला किमान दोन वर्षांच्या कैदेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात दोषी ठरलेला असावा लागतो (कंपनीच्या व्यवहारातले गुन्हे वेगळे). म्हणजे किरकोळ गुन्ह्यात दंड भरलेला माणूस शंभर रक्षकांची एजन्सी काढू शकतो. त्याच माणसाला त्याच एजन्सीत फाटकावर उभं राहायचं असेल तर ओळ शब्दशः वाचल्यास तो अपात्र. हातगाडीवाल्याने, रिक्षावाल्याने, शहरात नव्याने आलेल्याने न्यायालयात गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळं होणं ही सामान्य गोष्ट आहे. ते दोषसिद्धीच असतं, हे त्यांना कोणी सांगत नाही. जिथे मालकाला सूट आहे तिथे नोकराला नसावी, यामागचा विचार मला सापडत नाही. फाटकावरचा माणूस घराच्या जास्त जवळ असतो हे कारण दिलं जाईल, पण मग गुन्ह्याचा प्रकार तरी लिहायला हवा होता.

दुसऱ्या बाजूने, या ओळीला जे नको ते लोक तिच्यात वाचतात. नुसती तक्रार, नोंदवलेला गुन्हा, चालू खटला म्हणजे दोषसिद्धी नव्हे. पडताळणी अहवालात ‘गुन्हा दाखल, न्यायप्रविष्ट’ असं आलं तर ही ओळ माणसाला आपोआप बाद करत नाही. प्रश्न पुन्हा खंड (ग) मध्ये जातो: एजन्सीची खात्री पटते का? भावकीतल्या बांधाच्या भांडणात दोन्हीकडच्या सगळ्या पुरुषांची नावं फिर्यादीत घातली जातात, हे ग्रामीण महाराष्ट्रात कोणालाही माहीत आहे. कलम वाचून, फिर्याद वाचून ठरवणारा एजन्सीवाला आणि ‘पोलीस केस’ हे दोन शब्द पाहून फाईल परत करणारा, यांत कायद्याला अपेक्षित आहे तो पहिला.

‘कोणत्याही खासगी सुरक्षा एजन्सीच्या सेवेतून’ हे शब्दही तपासावे लागतात. चौकशी न करता, ‘उद्यापासून येऊ नको’ असं फोनवर सांगून काढलेला रक्षक गैरवर्तणुकीवरून बडतर्फ झाला असं म्हणता येईल का? कागदच नसेल तर बडतर्फीचं कारणही नाही. त्यामुळे खरोखर चोरी करून गेलेला माणूस दुसऱ्या एजन्सीत सहज खपतो आणि रजेवरून वाद घातलेला ‘ब्लॅकलिस्ट’ होतो.

“(३) रक्षक घेताना एजन्सी सेना, नौदल, वायुसेना, संघाची अन्य सशस्त्र दले, राज्य सशस्त्र पोलिसांसह पोलीस आणि गृहरक्षक दल यांत सेवा केलेल्या व्यक्तीला अग्रक्रम देऊ शकेल.”

‘देऊ शकेल’, सक्ती नाही. खडकवासल्याच्या आसपास या ओळीला विशेष वजन आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी इथली, पुणे म्हणजे लष्कराच्या दक्षिण कमांडचं मुख्यालय, आणि परिसरातल्या गावांत निवृत्त जवानांची घरं पुष्कळ. राज्य सरकारचं माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, तेही पुण्यातलं. निवृत्त जवान साधारण चाळिशीच्या आसपास परततो आणि पासष्टला खूप अवकाश असतो.

त्याला प्रशिक्षण माफ आहे असा समज सर्वत्र आहे, तो चुकीचा. नियमांनी ते आखूड केलं, रद्द नाही: वर्गात चाळीस तास, मैदानावर सोळा, किमान सात कामाचे दिवस. छप्पन्न भागिले सात, इथेही दिवसाला आठ तासच. शस्त्र त्याला नव्याने शिकवावं लागत नाही. पण सैन्यात मिळालेलं वळण नागरी फाटकावर अडचणीचं ठरू शकतं. पहाऱ्यावरचा हुकूम आणि वरचा सहा तासांचा नियम या दोन वेगळ्या दुनिया आहेत.

पूर्ववृत्ताबद्दलही तसाच समज आहे. डिस्चार्ज बुकात चारित्र्याचा शेरा असतो आणि तो चांगला असला की एजन्सी पोलिसांकडे नमुना पाठवतच नाही. तो शेरा सेवा संपल्याच्या दिवसापर्यंतचा आहे. नियम मात्र अर्जाच्या दिवसापासून मागची पाच वर्षं मोजतो. जवान तीन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन किरकटवाडीत राहायला आला असेल, तर युनिटमधली दोन वर्षं डिस्चार्ज बुक सांगेल. उरलेल्या तीन वर्षांसाठी त्यालाही मुखेडच्या तरुणासारखाच नमुना भरावा लागतो, ठाण्याचं नाव नीट लिहून.